साक्री परिसरातील विहिरींच्या नोंदी: सेमिव्हॅरिओग्रॅम कसा वाचावा आणि क्रिगिंग आयडीडब्ल्यूपेक्षा सरस केव्हा ठरते?

कान_खोरे

नमस्कार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील एका पाणलोटात आमची संस्था जलसंधारणाचे काम करते. क्षेत्र सुमारे २२ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद आहे. पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या बाजूला, जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि पूर्वेकडे ती ४४० मीटरपर्यंत उतरते. मे महिन्यात आम्ही ५८ ठिकाणी पाण्याची खोली मोजली. या नोंदींवरून संपूर्ण पाणलोटाचा खोलीचा नकाशा करायचा आहे, कारण उन्हाळ्यात पाणी ९ मीटरच्या खाली जाणारे पट्टे कोणते, यावर पुढील कामांचा क्रम ठरणार आहे.

खोलीची सरासरी ८.० मीटर असून प्रचरण ११.६ आहे. मी दोन नकाशे केले, एक आयडीडब्ल्यूने, म्हणजे अंतराच्या उलट प्रमाणात वजने देऊन, घात २ ठेवून, आणि दुसरा ऑर्डिनरी क्रिगिंगने, म्हणजे नोंदींमधील साम्य अंतराबरोबर कसे घटते त्यावरून वजने ठरवून. एकेक नोंद वगळून तपासले असता आयडीडब्ल्यूच्या त्रुटीचा आरएमएसई ३.१ मीटर आणि क्रिगिंगचा ३.० मीटर आला. एवढ्या खटाटोपानंतर हाती फक्त दहा सेंटिमीटर लागत असतील, तर क्रिगिंग करावे कशाला, असा प्रश्न सहकारी विचारतात आणि मला त्याचे उत्तर देता येत नाही. शिवाय अंतर वाढेल तसा दोन नोंदींमधील फरक कसा वाढतो हे दाखवणारा माझा सेमिव्हॅरिओग्रॅम करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो. त्यातून नगेट, सिल आणि रेंज कशी वाचायची, हे कोणी सांगू शकेल का? मी आर मधील gstat वापरते आणि अंतरवर्ग तिने आपोआप घेतलेलेच ठेवले आहेत.

रास्टर

प्रश्न तसा सोपा आहे. क्रिगिंग हा रेषीय, अभिनतिरहित अंदाजांपैकी सर्वोत्तम अंदाज असतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे, त्यामुळे ते आयडीडब्ल्यूपेक्षा वाईट ठरूच शकत नाही. आयडीडब्ल्यूच्या नकाशात प्रत्येक विहिरीभोवती गोल गोल चकत्या दिसतात, त्या क्रिगिंगमध्ये पुष्कळ कमी होतात. वर त्रुटीचा वेगळा नकाशा मिळतो, तो आयडीडब्ल्यू देऊच शकत नाही. मॉडेल निवडताना ज्याचा आर-वर्ग सर्वाधिक येईल ते घ्यावे. मी मागील प्रकल्पात पाणीपातळीच्या उंचीवर गाऊसियन मॉडेल बसवले होते आणि ते ०.९७ पर्यंत जुळले होते. तुम्हीही तेच करून पाहा.

जुना_जलमापक

कान_खोरे, नकाशाकडे वळण्याआधी आपण आलेखाकडे पाहू, कारण निर्णय तिथेच होतो. उभ्या अक्षावरचा गॅमा म्हणजे त्या अंतरावरच्या जोड्यांतील फरकाच्या वर्गाच्या सरासरीचा निम्मा. वक्र शून्य अंतराजवळ ज्या उंचीवरून सुरू होतो तो नगेट, ज्या उंचीवर सपाट होतो तो सिल, आणि तिथवरचे अंतर म्हणजे रेंज.

gstat स्वतःहून अंतरवर्ग ठरवते तेव्हा क्षेत्राच्या कर्णाच्या एक तृतीयांश अंतरापर्यंत जाते आणि त्याचे पंधरा भाग करते. आपला कर्ण साधारण २७ किलोमीटर आहे. म्हणजे ९ किलोमीटरपर्यंतचे पंधरा वर्ग, प्रत्येकी सुमारे ६०० मीटरचे. ५८ ठिकाणांच्या एकूण १६५३ जोड्या होतात खऱ्या, पण ६०० मीटरच्या आत असलेल्या जोड्या मोजक्याच निघतील. एवढ्या थोड्या जोड्यांतून काढलेला आकडा एका विचित्र विहिरीमुळे दुप्पट होऊ शकतो. आपल्याला दिसणारे करवतीचे दाते जमिनीतले नाहीत, ते वर्गांच्या रुंदीतून आलेले आहेत. प्रत्येक बिंदूमागे किती जोड्या आहेत हे आलेखावर लिहून घ्या आणि किमान तीसेक जोड्या नसतील त्या बिंदूवर फारसा विश्वास ठेवू नका. वर्गाची रुंदी विहिरींच्या सरासरी अंतराच्या आसपास ठेवावी. आपल्याकडे सर्वांत जवळची विहीर सरासरी सव्वा किलोमीटरवर असावी, म्हणून दीड किलोमीटर रुंदी घेऊन पाहा:

```r
v <- variogram(kholi ~ 1, vihiri, cutoff = 12000, width = 1500)
v[, c("np", "dist", "gamma")]
```

नोंदींचे स्थान अक्षांश-रेखांशांत असेल, तर आधी ते EPSG:32643 मध्ये बदलून मीटरमध्ये आणा. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी लहान असतो. अंशांना सपाट अक्ष समजून आलेख काढला, तर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण यांत नसलेला फरक दिसू लागतो.

आणखी एक विचारतो. या ५८ ठिकाणी सगळ्या खोदलेल्या विहिरीच आहेत का? आणि खोली कठड्यापासून मोजली आहे की जमिनीपासून?

बोरीचा_मळा

माझे शेत शेजारच्या तालुक्यात आहे. आमच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही, म्हणून बोअर घ्यायचा विचार आहे. असा नकाशा आमच्या गावाचा करून मिळाला, तर शेतात बोअर कोठे घ्यावा आणि किती फुटांवर पाणी लागेल हे त्यावरून कळेल का? शेजाऱ्याच्या बोअरला ३०० फुटांवर पाणी लागले, आणि आमचा बांध त्याच्यापासून दोनशे पावलांवर आहे.

जुना_जलमापक

बोरीचा_मळा, हा नकाशा त्या कामाचा नाही, आणि तो पाहून बोअर घेऊ नये. त्यात असलेल्या विहिरींमधील पाण्याची खोली दाखवलेली असते. खडकात पाणी वाहून नेणारी फट कोठे आहे, ही माहिती त्यात नसते. आपल्या बेसाल्टमध्ये मुरूम आणि मांजऱ्या यांत पाणी असते आणि सलग कातळ कोरडा असतो, आणि हा बदल दोनशे पावलांत सहज होतो. ज्या नकाशातील शेजारच्या दोन नोंदी सरासरी सव्वा किलोमीटर अंतरावर आहेत, तो दोनशे पावलांतील बदल सांगू शकत नाही. बोअरसाठी जागेवर विद्युत रोधकता सर्वेक्षण करून घ्यावे, आणि त्यानंतरही खात्री कोणी देत नाही.

आपला प्रश्न एका अर्थाने या धाग्याचाच आहे. विहिरींच्या अंतरापेक्षा लहान प्रमाणावर होणारा सगळा बदल सेमिव्हॅरिओग्रॅममध्ये नगेट म्हणून उरतो.

कान_खोरे

दीड किलोमीटरच्या वर्गांनी आलेख बराच सरळ झाला. पहिल्या वर्गात ४१ जोड्या आहेत आणि गॅमा ७.४ येतो. पुढे तो ८.९, १०.१, ११.० असा चढतो आणि साधारण साडेसहा किलोमीटरपासून ११.८ च्या आसपास स्थिरावतो. स्फेरिकल मॉडेल बसवल्यावर नगेट ६.५ आणि सिल ११.८ आले.

खोली जमिनीपासून मोजलेली आहे, कठड्याची उंची वजा केली आहे. मात्र सगळ्या विहिरी नाहीत. ४५ खोदलेल्या विहिरी आहेत आणि १३ बोअर आहेत, कारण काही गावांत उन्हाळ्यात पाणी असलेली विहीरच मिळाली नाही. दोन्हींच्या नोंदी एकाच रकान्यात आहेत. मोजणी एकूण तीन आठवडे चालली.

जुना_जलमापक

आता आलेख बोलू लागला. सिल ११.८ आहे आणि त्यातील ६.५, म्हणजे निम्म्याहून अधिक, नगेट आहे. याचा अर्थ असा की, अगदी शेजारशेजारच्या दोन ठिकाणांच्या खोलीतही सरासरीने साडेतीन मीटरच्या घरातला फरक पडतो. गॅमाची दुप्पट करून वर्गमूळ काढले की हा अंदाज येतो. शेजारी इतका बेभरवशाचा असेल, तर त्याला किती वजन द्यायचे याचा काटेकोर हिशेब करून फार काही साधत नाही. क्रिगिंग आणि आयडीडब्ल्यू यांत आपल्याला दहा सेंटिमीटरचाच फरक दिसतो, त्याचे कारण हे आहे. सरसकट सरासरी लावली असती तरी त्रुटी ३.४ मीटर आली असती, कारण ते प्रचरणाचे वर्गमूळ आहे. दोन्ही पद्धती मिळून सरासरीच्या फक्त थोड्या पुढे गेल्या आहेत.

पण नगेट हा निसर्गाचाच असतो असे नाही. त्यात जमिनीतील बारीक बदल येतो, मोजणीतील चूक येते, तीन आठवड्यांत उतरलेली पातळी येते, आणि उपसा चालू असलेल्या विहिरीत पाणी पुन्हा वर येण्याआधी घेतलेली नोंदही येते. आपल्या बाबतीत सर्वांत मोठा संशय बोअरवर आहे. खोदलेली विहीर वरच्या मुरमाच्या थरातील पाणी दाखवते, तर खोल बोअर कातळाखालच्या, वेगळ्या दाबाच्या थराची पातळी दाखवू शकतो. गावात एक विहीर आणि तिच्या शेजारी एक बोअर असेल, तर तुमच्या आलेखाचा पहिला बिंदू त्या जोडीमुळेच वर उचलला जातो. तेव्हा बोअर बाजूला काढून पुन्हा पाहा.

सांख्यिकी_शिक्षिका

जुना_जलमापक यांच्याशी मी सहमत आहे. फक्त रास्टर यांच्या पहिल्या वाक्यातील अट सुटली आहे, ती नोंदवते. क्रिगिंग सर्वोत्तम असते ते व्हॅरिओग्रॅम खरा माहीत असेल तर. प्रत्यक्षात तो आपण त्याच मोजक्या विहिरींवरून अंदाजे बसवतो, आणि त्या अंदाजातील चूक सिद्धान्तात धरलेली नसते. म्हणून चुकीच्या मॉडेलचे क्रिगिंग आयडीडब्ल्यूपेक्षा वाईट ठरू शकते. व्हॅरिओग्रॅम विश्वासाने बसवण्यासाठी शंभराच्या आसपास नोंदी हव्यात, असे भूसांख्यिकीत सांगितले जाते. ४५ किंवा ५८ नोंदींत काम होते, पण नगेट आणि रेंज यांचे आकडे सैल समजावेत.

त्रुटीच्या नकाशाबद्दलही तसेच आहे. क्रिगिंगचे प्रचरण विहिरींच्या मांडणीवर आणि मॉडेलवर अवलंबून असते, तिथे मोजलेल्या खोलीवर नाही. एका भागात सगळ्या विहिरी एकसारख्या आणि दुसऱ्यात त्या कमालीच्या चढउताराच्या असल्या, पण अंतरे सारखी असली, तर नकाशा दोन्ही भागांत सारखीच त्रुटी दाखवतो. नवी निरीक्षण विहीर कोठे असावी हे ठरवायला तो उत्तम आहे. इथला अंदाज किती खरा, या प्रश्नाला मात्र तो मॉडेलच्या भरवशावरच उत्तर देतो.

रास्टर

अट मान्य. परंतु माझ्या ०.९७ च्या मॉडेलबद्दल काय? इतके चांगले जुळलेले मॉडेल चुकीचे कसे म्हणता येईल?

जुना_जलमापक

रास्टर, आपण खोलीवर काम केले नव्हते. समुद्रसपाटीपासूनच्या पातळीवर केले होते, आणि उतारावरच्या पाणलोटात या दोन गोष्टींचे व्हॅरिओग्रॅम अगदी वेगळे दिसतात. भूजलाची पातळी जमिनीच्या उताराबरोबर उतरते. किलोमीटरला सात मीटर उतार धरला, तर दोन विहिरींमधील फरकाचा मोठा भाग केवळ उतारामुळे येतो आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साक्रीच्या या पाणलोटात पातळीचा गॅमा पहिल्या वर्गात १५ च्या आसपास आणि पाच किलोमीटरवर साडेतीनशेच्या घरात जाईल. तो कोठे थांबणार नाही, कारण क्षेत्र संपेपर्यंत उतार थांबत नाही.

अशा वर वळत जाणाऱ्या वक्रावर गाऊसियन मॉडेल फार सुंदर बसते, कारण त्याची सुरुवात त्याच आकाराची असते. आर-वर्ग ०.९७ येतो तो यामुळे. आपण मोजलेला तो डोंगराचा उतार आहे, भूजलाच्या बदलाची रेंज त्यात नाही. असे मॉडेल लहान नगेटसह क्रिगिंगमध्ये घातले की शेजारी इतके एकमेकांसारखे गृहीत धरले जातात की काही विहिरींना ऋण वजने मिळतात, आणि ओढ्याकाठी पाणी जमिनीच्या वर असल्याचे नकाशा सांगू लागतो. आपल्या नकाशातून जमिनीची उंची वजा करून पाहा. कोठे खोली उणे आली आहे का?

रास्टर

पाहिले. तीन जागी उणे आहे, त्यांतील एक जागा ओढ्याची नाही, शेताची आहे. तेव्हा तो भाग मी छायेचा दोष समजून झाकला होता. पण मग उतार असेल तिथे क्रिगिंग करूच नये, असे म्हणायचे आहे का?

जुना_जलमापक

नाही. उतार आधी वेगळा काढावा आणि उरलेल्या भागाचा व्हॅरिओग्रॅम करावा. जमिनीची उंची स्वतंत्र चल म्हणून घेतली की युनिव्हर्सल क्रिगिंग तेच करते. खोलीवर काम करणे हाही उतार वजा करण्याचाच सोपा मार्ग आहे, कारण जमीन वजा झाल्यावर बहुतेक उतार निघून जातो. खोली फीत लावून मोजलेली असते, तिच्यात सेंटिमीटरची चूक असेल. तीस मीटरच्या उपग्रह उंची नकाशात मात्र काही मीटरची चूक असते. पातळीवर क्रिगिंग करून शेवटी त्याच नकाशातून खोली काढली, तर ती चूक पुन्हा आपल्या उत्तरात येते. म्हणून जिथे प्रश्न खोलीचा आहे, तिथे मी खोलीवरच काम करतो. पाण्याच्या प्रवाहाची दिशा हवी असेल, तर पातळीला पर्याय नाही.

कान_खोरे

बोअर काढले. बोअरच्या खोलीची सरासरी ११.४ मीटर होती, विहिरींची ७.० आहे. फक्त ४५ विहिरींचे प्रचरण ७.५ येते. जोड्या आता ९९० झाल्या, त्यांतील पहिल्या वर्गात फक्त २४. गॅमा ३.४, ४.९, ६.०, ७.२ आणि मग ७.४ असा चढतो. मॉडेल असे बसले:

```r
m <- fit.variogram(v, vgm(5, "Sph", 7000, 2.5))
# नगेट 2.4, उरलेला सिल 5.1, रेंज सुमारे 7000 मी
```

नगेट ६.५ वरून २.४ वर आला. मला वाटले आता क्रिगिंग स्पष्टपणे पुढे जाईल. एकेक नोंद वगळून तपासले, तर क्रिगिंगची त्रुटी २.० मीटर आणि आयडीडब्ल्यूची २.१ मीटर! दोन्ही सुधारले, पण फरक पुन्हा तेवढाच. मग रेंज आणि नगेट वाचून काय मिळवले?

जुना_जलमापक

दोन्ही पद्धती एकदम एक मीटरने सुधारल्या, ती कमाई नोंदी निवडण्याची आहे. पद्धतीने ती दिली नाही, हे आपल्या सहकाऱ्यांना जरूर सांगा. पद्धतींमधील फरक दिसण्यासाठी मात्र तपासणी वेगळ्या प्रकारे करावी लागेल.

आपल्या विहिरी सर्वत्र सारख्या पसरलेल्या नाहीत. गावठाणाजवळ तीन-चार विहिरी एकत्र आणि मध्ये दोन-तीन किलोमीटर मोकळे, अशीच मांडणी असणार. समजा, नकाशातील एका मोकळ्या जागेच्या पूर्वेला दोन किलोमीटरवर एका गावात तीन विहिरी आहेत, एकमेकींपासून दोनशे मीटरवर, आणि पश्चिमेला दोन किलोमीटरवर एकच विहीर आहे. आयडीडब्ल्यू फक्त अंतर पाहते. चारही विहिरी सारख्या अंतरावर असल्याने प्रत्येकीला पाव वजन मिळते, म्हणजे पूर्वेच्या गावाला ७५ टक्के आणि पश्चिमेला २५ टक्के. क्रिगिंग त्या तीन विहिरींचे आपसातील अंतरही पाहते आणि त्या जवळजवळ एकच गोष्ट तीनदा सांगत आहेत हे ओळखते. आपल्या नव्या मॉडेलने मी वजने काढली. पूर्वेला ५८ टक्के, पश्चिमेला ४२ टक्के. नगेट शून्य असता तर ही विभागणी ५१ आणि ४९ झाली असती. बोअरसह असलेल्या जुन्या मॉडेलने, नगेट ६.५ धरून, ती ६३ आणि ३७ येते.

नगेट वाढत गेला तसे उत्तर हळूहळू ७५-२५ कडे सरकते. ते योग्यच आहे, कारण शेजाऱ्यांत मोठा गोंगाट असेल, तर तिघांची सरासरी एकापेक्षा खरोखर अधिक भरवशाची ठरते. सेमिव्हॅरिओग्रॅम वाचून हे कळते. कळपाने असलेल्या विहिरींना किती सूट द्यायची, याचा दर नगेट आणि रेंज मिळून ठरवतात. आयडीडब्ल्यूकडे तो दर ठरवायची सोयच नाही. घात बदलून अंतराचा परिणाम बदलेल, कळपाचा नाही.

आता तपासणीकडे. कळपातील एक विहीर वगळली, तर तिच्या शेजारच्या दोन विहिरी तिचे उत्तर लगेच सांगतात आणि आयडीडब्ल्यूही सहज पास होते. नकाशात आपल्याला उत्तर हवे आहे ते मोकळ्या जागांचे. म्हणून एकेक विहीर न वगळता एकेक संपूर्ण गाव वगळा:

```r
gat <- as.integer(factor(vihiri$gaav))
cv <- krige.cv(kholi ~ 1, vihiri, m, nfold = gat)
mean(cv$residual^2 / cv$var1.var)
```

शेवटची ओळ मुद्दाम दिली आहे. प्रत्यक्ष त्रुटीचा वर्ग भागिले मॉडेलने सांगितलेले प्रचरण, याची सरासरी १ च्या आसपास असावी. ती ३ आली, तर मॉडेल स्वतःच्या अचूकतेबद्दल फुशारकी मारत आहे, बहुधा नगेट कमी धरला गेला आहे. ती ०.३ आली, तर उलटे.

पूर्णाकाठ

मी अकोला भागात, पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात काम केले आहे. तिथे क्रिगिंगने असा त्रास दिला नाही. गाळाचा थर सलग असल्याने शेजारच्या विहिरी एकमेकींशी चांगल्या जुळतात, नगेट सिलच्या मानाने लहान येतो आणि रेंज विहिरींच्या अंतराच्या कित्येक पट असते. उलट, आम्हांला दिशेचा प्रश्न आला. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने रेंज लांब आणि काटकोनात ती आखूड येत होती, म्हणून दोन दिशांचे वेगळे व्हॅरिओग्रॅम करावे लागले. साक्रीतही नदीच्या दिशेने तसे काही आहे का, हे पाहायला हवे. पण ४५ विहिरींचे दोन दिशांत वाटे केले, तर पहिल्या वर्गात दहा-बारा जोड्याच उरतील आणि जे दिसेल ते खरे की योगायोग, हे सांगता येणार नाही.

बेसाल्टमध्ये क्रिगिंगवर वेळ घालवावा की नाही, याबद्दल माझे मत तरीही साशंक आहे. नगेट एक तृतीयांश उरलाच ना?

कान_खोरे

गावे वगळून तपासले. क्रिगिंगची त्रुटी २.३ मीटर, आयडीडब्ल्यूची २.६ मीटर. नुसती सरासरी धरली असती, तर २.७ आली असती. प्रचरणाचे गुणोत्तर १.१ आले. म्हणजे मोकळ्या जागांत आयडीडब्ल्यू सरासरीपेक्षा फारशी बरी नाही आणि क्रिगिंग थोडी बरी आहे, असे मी समजते. दोन्ही नकाशे एकमेकांतून वजा केले, तर सर्वाधिक फरक बरोबर त्या दाट विहिरींच्या गावांच्या सभोवती, दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात येतो.

पूर्णाकाठ यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगते, की ९ मीटरची रेषा या दोन नकाशांत एका ठिकाणी बरीच सरकते. आयडीडब्ल्यूने खोल दाखवलेल्या पट्ट्यातील दोन गावे क्रिगिंगमध्ये रेषेच्या अलीकडे येतात. मात्र २.३ मीटर त्रुटी धरली, तर त्या गावांबद्दल ठामपणे काहीच सांगता येत नाही. तिथे पुढच्या मोजणीत दोन विहिरी वाढवू.

सांख्यिकी_शिक्षिका

हा वापर मला योग्य वाटतो. रेषा एका आकड्याने काढण्याऐवजी प्रत्येक जागी खोली ९ मीटरपेक्षा अधिक असण्याची शक्यता दाखवली, तर सहकाऱ्यांना तो धूसर पट्टा दिसेल. अंदाज ८ मीटर आणि प्रमाण विचलन २.३ असेल, तर ती शक्यता साधारण तीनात एक निघते. हा आकडा आयडीडब्ल्यूमधून काढताच येत नाही. गुणोत्तर १.१ आले आहे म्हणून मी हे सुचवते आहे. ते ३ असते, तर सुचवले नसते.

जुना_जलमापक

पूर्णाकाठ, नगेट एक तृतीयांश उरला हे खरे. माझा अंदाज असा की नगेट निम्म्याच्या पुढे गेला किंवा रेंज विहिरींच्या सरासरी अंतराइतकीच आली, तर क्रिगिंगचा आग्रह सोडावा आणि आयडीडब्ल्यू किंवा नुसती गावनिहाय सरासरी द्यावी. वीस-पंचवीसच विहिरी असतील, तरीही तेच करावे, कारण तेवढ्यांवरून व्हॅरिओग्रॅम बसतच नाही. विहिरी दाट आणि सारख्या पसरलेल्या असतील, तर कोणतीही पद्धत चालते. मधल्या स्थितीत, विहिरी कळपाने असताना आणि रेंज अंतराच्या चार-पाच पट असताना, क्रिगिंग आपले कष्ट वसूल करते. आपली रेंज सात किलोमीटर आणि शेजाऱ्याचे अंतर सव्वा किलोमीटर आहे.

मला खरी शंका दुसरीच आहे. नंदुरबार-धुळे भागात डाईकच्या, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या अग्निजन्य खडकाच्या, लांबच लांब भिंती आहेत, साक्रीतही आहेत, आणि बऱ्याच पूर्व-पश्चिम जातात. डाईक न भेगाळलेला असेल, तर तो भूजल अडवतो. एका बाजूची विहीर चार मीटरवर आणि पलीकडची अकरा मीटरवर, असे होऊ शकते. क्रिगिंग आणि आयडीडब्ल्यू दोघेही त्या भिंतीवरून सरळ चालत जातात, आणि जिथे पायरी आहे तिथे नकाशात गुळगुळीत उतार काढतात. आपल्या पाणलोटातून मोठा डाईक जातो का?

कान_खोरे

दोन जातात, उत्तरेकडचा जमिनीवर स्पष्ट दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या आणि एकाच बाजूच्या जोड्या वेगळ्या काढून गॅमा पाहिला. तीन किलोमीटरच्या आत भिंतीपलीकडच्या जोड्या फक्त नऊ निघाल्या. त्यांचा गॅमा ८.१ आहे आणि एकाच बाजूच्यांचा ४.३.

पूर्णाकाठ

नऊ जोड्यांवर मी नकाशा दोन भागांत तोडणार नाही. त्या नऊ जोड्यांत एकच विहीर कितीदा आली आहे, हेही पाहा.

जुना_जलमापक

मी तोडला असता. डाईक पाणी अडवतो याला भूशास्त्रीय कारण आहे आणि आकड्यांची दिशा त्याच्याशी जुळते. पण पूर्णाकाठ यांचा प्रश्न रास्त आहे. एकच विहीर नऊपैकी पाच जोड्यांत असेल, तर माझे म्हणणे मी मागे घेईन.

कान_खोरे

एक विहीर चार जोड्यांत आहे. ती वगळली, तर उरलेल्या पाच जोड्यांचा गॅमा ६.६ येतो. ऑक्टोबरच्या मोजणीत डाईकच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, विहिरींच्या चार-पाच जोड्या मुद्दाम घेण्याचे ठरवले आहे. नोंदी आल्या की याच धाग्यावर देईन.

रास्टर

ऑक्टोबरमध्ये पाणी वर आलेले असते आणि ते डाईकच्या वरच्या भेगाळलेल्या भागातून पलीकडे जाऊ शकते, त्यामुळे तेव्हा पायरी दिसली नाही तरी मे महिन्यात ती नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याच जोड्या पुढच्या मे महिन्यातही मोजाव्यात, असे मला वाटते.